इटालियन गीताचा मराठी अनुवाद: यमक, लय आणि प्रतिमा सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन गाणी मराठीत आणू पाहणाऱ्यांकडून येणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. हवेत उत्तरे देण्यापेक्षा एकच गीत समोर ठेवले आहे: व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’ या ऑपेरातले गुलामांचे समूहगान, ‘वा, पेन्स्येरो’. शब्द तेमिस्तोक्ले सोलेराचे. पहिला प्रयोग ९ मार्च १८४२ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाला. बॅबिलोनमध्ये बंदी असलेले ज्यू युफ्रेटिसच्या काठी आपल्या देशाची आठवण काढतात, एवढाच प्रसंग. मूळ बीज बायबलमधल्या १३७व्या स्तोत्रात आहे.

आधी मूळ ओळी दाखवाल का? आणि त्यांचा साधा अर्थ?

पहिले कडवे देवनागरीत असे:

वा, पेन्स्येरो, सुल्लाली दोराते;
वा, ती पोझा सुई क्लीवी, सुई कोल्ली,
ओवे ओलेद्झानो तेपिदे ए मोल्ली
लाउरे दोल्ची देल स्वोलो नाताल!

सरळ अर्थ: जा, विचारा, सोनेरी पंखांवर बसून, जा, उतारांवर, टेकड्यांवर जाऊन टेक, तिथे जन्मभूमीच्या गोड झुळुका कोमट नि मऊ होऊन दरवळताहेत.

पुढच्या चार ओळींत यार्देनच्या काठाला वंदन आहे, सियोनच्या ढासळलेल्या बुरुजांची आठवण आहे आणि ‘माझा देश किती सुंदर आणि हरवलेला, आठवण किती लाडकी आणि घातकी’ असा उद्गार आहे. ही आठवी ओळ ‘फाताल’ या शब्दावर संपते आणि चौथ्या ओळीतल्या ‘नाताल’शी जुळते. हे यमक लक्षात ठेवा, पुढे तेच कामाला येणार आहे.

या ओळींची अक्षरे मोजायची कशी? माझी मोजणी कधी दहा येते, कधी अकरा, कधी बारा.

दोन नियम कळले की गोंधळ संपतो. पहिला: एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, तर दोन्ही स्वर मिळून एकच अक्षर धरतात. तिसरी ओळ वहीत मांडा: ओ, वेओ, लेद्, झा, नो, ते, पि, देए, मोल्, ली. ‘वेओ’ एक आणि ‘देए’ एक, म्हणून दहा. सुटे सुटे मोजले तर बारा येतात. ‘सुई’सुद्धा एकच अक्षर आहे, मराठीत लिहिताना दोन दिसतात तेवढेच.

दुसरा नियम मराठी माणसाला चमत्कारिक वाटतो. इटालियन ओळीचे नाव तिच्या एकूण अक्षरांवरून ठरत नाही, तर शेवटचा आघात कितव्या अक्षरावर आहे यावरून ठरते. त्यात एक मिळवायचा. इथे शेवटचा आघात नवव्या अक्षरावर आहे, म्हणून ही ओळ दशाक्षरी, ‘देकासिल्लाबो’. चौथी ओळ प्रत्यक्षात नऊच अक्षरांची आहे. ‘नाताले’तला शेवटचा ‘ए’ कवीने छाटून ‘नाताल’ केले, त्यामुळे आघातानंतर काही उरत नाही. तरीही ती दशाक्षरीच. अशा तुटक शेवटाला ‘त्रोंको’ म्हणतात आणि ऑपेराच्या गीतांत कडवे बंद करायला तो हमखास वापरतात.

आता आघात पाहा. पेन्स्येरो, सुल्लाली, दोराते: तिसरे, सहावे, नववे अक्षर. दुसऱ्या ओळीत पो, क्ली, कोल्. तिसरीत लेद्, ते, मोल्. चौथीत दोल्, स्वो, ताल. एकही ओळ चुकत नाही. या गाण्याची चाल पावलापावलाने पुढे सरकत गेल्यासारखी वाटते, तिचा पाया हा आहे.

मराठीत असा आघातच नाही. मग लय आणायची कशी?

मराठीत आघात कमकुवत आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाचा कान आपल्याकडे पक्का आहे. इटालियनमध्ये जिथे जोर, तिथे मराठीत गुरू अक्षर ठेवा आणि मधल्या दोन जागा लघू ठेवा. म्हणजे तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या जागी गुरू. गणांच्या भाषेत सांगायचे तर दोन लघू, एक गुरू हा सगण. चार सगणांचे तोटक आपल्याला माहीत आहे. इथे तीन सगण आणि शेवटी एक सुटे अक्षर आहे.

पहिली जागा मात्र मोकळी आहे. मूळ ओळ ‘वा’ने, म्हणजे जोरदार एकाक्षरी आज्ञार्थानेच सुरू होते. तेव्हा तिथे गुरू चालतो, नव्हे, शोभतो. अशी ओळ केली:

जा, मना, उड सोनपरांनी

जा म ना | उ ड सो | न प रां | नी
गा ल गा | ल ल गा | ल ल गा | गा

पहिला गण रगण झाला आणि पुढे दोन सगण. एकदा पहिल्या ओळीत रगण घेतला की तो पुढेही टिकवावा, नाहीतर ओळ सुरू होताना दर वेळी ठेच लागते.

‘पेन्स्येरो’ म्हणजे विचार, मन नव्हे. पण ‘विचारा’ अशी हाक मराठीत कोणी मारत नाही, आणि ती ‘विचारून बघा’ अशीही ऐकू येते. ‘मना’ ही हाक मात्र रामदासांपासून कानात आहे. तिच्याबरोबर उपदेशाचा थोडा वास येतो, हे खरे. ‘उड’ लगेच मागे आल्यामुळे तो विरतो, असे मला वाटते.

पण ‘उड’ आणि ‘सोन’ आपण बोलताना ‘उड्’, ‘सोन्’ असेच म्हणतो. मग अक्षरे कमी नाही का पडत?

पडतात. हा प्रश्न फार जण विचारत नाहीत आणि गायला बसल्यावर अडकतात. बोलण्यात ही ओळ आठच अक्षरांची आहे: जा, म, ना, उड्, सोन्, प, रां, नी. वृत्तात वाचताना आपण अन्त्य ‘अ’ सुटा उच्चारतो, मनाचे श्लोक म्हणताना ‘गणाधीश’चा ‘श’ पूर्ण म्हणतो तसा. नाट्यपदांतही हा ‘अ’ हलकेच उच्चारण्याची सवय आहे. म्हणून लघूच्या जागी असा ‘अ’ चालतो. जोराच्या जागी आणि ओळीच्या शेवटी मात्र अजिबात नाही. नवव्या आणि दहाव्या जागी लिहिलेला, ठसठशीत स्वर हवा. ‘सोनपरांनी’त तो ‘आ’ आणि ‘ई’ आहे.

गाणाऱ्यासाठी करत असाल तर आणखी एक पथ्य. शेवटच्या जोराच्या जागी शक्यतो ‘आ’ असावा. तोंड उघडे राहते, स्वर लांबवता येतो. ‘ई’ आणि ‘ऊ’वर समूहाचा आवाज घुसमटतो.

पूर्ण कडवे कसे दिसते? मधले मसुदेही दाखवा.

दुसऱ्या ओळीचा एक मसुदा असा होता:

टेक तू चढणीवर, माळी

मोजून पाहा, सगळे बसते. ‘क्लीवी’ आणि ‘कोल्ली’ या दोन शब्दांना ‘चढण’ आणि ‘माळ’ असे दोन शब्दही मिळतात. कागदावर निर्दोष. कोणाला वाचून दाखवली की मात्र पहिला प्रश्न येतो: हा माळी कोण? ‘माळी’ हे माळाचे सप्तमीचे रूप आहे हे डोळ्यांना कळते, कानाला बागेतला माळीच दिसतो. मागचा स्वल्पविराम तर त्याला संबोधनच करून टाकतो. असा दोष लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही, कारण अर्थ त्याच्या डोक्यात आधीच असतो. त्यासाठी मूळ गाणे न ऐकलेला श्रोता लागतो.

दुरुस्त ओळ:

टेक तू मग डोंगरभाळी

दोन जागांची एकच झाली आणि मुळात नसलेले ‘भाळ’ आले. ‘मग’ तर सरळ भरतीचा. तरी चित्र टिकले: उडून थकलेले काहीतरी उंचावर जाऊन टेकते आहे.

तिसरी ओळ ‘भाळी’शी जुळायला हवी आणि तिच्यात गंध आणि ऊब दोन्ही हवीत:

गंधतात उबेत सकाळी

गद्यात आपण ‘गंधाळतात’ म्हटले असते. पण ते लघूच्या जागी बसत नाही. ‘मऊ’ आणि ‘गोड’ दोन्ही गेले. चौथी ओळ नवव्या जागी तुटायला हवी, मागे काही उरता कामा नये:

जन्मभूवरच्या झुळुका

ज न्म भू | व र च्या | झु ळु का. नऊ अक्षरे, शेवट दीर्घ ‘का’वर. इटालियनमध्ये स्वर छाटून जो तुटक शेवट मिळवतात, तो इथे एक अक्षर कमी ठेवून मिळाला, आणि ‘नाताल’मधला ‘आ’ही जागेवर राहिला. (ज्ञानेश्वरीच्या ओवीचे चौथे चरणही आखूड असते. चौथ्या ओळीला पाऊल लवकर टेकणे मराठी कानाला परके नाही.)

एकत्र:

जा, मना, उड सोनपरांनी,
टेक तू मग डोंगरभाळी,
गंधतात उबेत सकाळी
जन्मभूवरच्या झुळुका!

‘सकाळी’ मुळात नाही. यमकासाठी असे शब्द घुसवणे चालते का?

यमक हवे असेल तर काहीतरी घुसणारच, ते टाळता येत नाही. प्रश्न एवढाच की घुसलेला शब्द चित्राला धक्का लावतो का. तिथे ‘उन्हाळी’ही बसत होते: ‘गंधतात उबेत उन्हाळी’. वृत्त चोख, यमक चोख. पण मराठी माणसाचा उन्हाळा म्हणजे वैशाखवणवा. मुळातली ‘तेपिदे’ म्हणजे अंगाला सुखावणारी कोमट हवा एका शब्दात भाजून निघाली असती. ‘सकाळी’ने वेळ सांगितली, जी मुळात सांगितलेली नाही, पण कोवळ्या उबेशी तिचे भांडण नाही. म्हणून ती ठेवली.

यमकासाठी क्रियापदांच्या शेवटांवर विसंबू नये, हे मात्र आग्रहाने सांगेन. येते-जाते, गेला-आला अशी यमके मराठीत फुकट मिळतात आणि म्हणूनच कानाला फुकटची वाटतात. इटालियनमध्येही क्रियापदांच्या ठरलेल्या प्रत्ययांवर जुळवलेली यमके हलकी समजतात. सोलेराने ‘कोल्ली-मोल्ली’ जुळवताना एक नाम आणि एक विशेषण घेतले आहे. ‘भाळी-सकाळी’त आपण निदान नामे तरी वापरली.

सगळीच यमके ठेवायची का? सगळी जमली नाहीत तर आधी कोणते सोडू?

आठ ओळींत यमकांचे तीन प्रकार दिसतात. दुसरी-तिसरी ओळ शेजारी जुळतात (कोल्ली-मोल्ली). पाचवी-सातवी एकाआड एक (सालूता-पेर्दूता). आणि लांब पल्ल्याची दोन: पहिली-सहावी (दोराते-अत्तेर्राते) आणि चौथी-आठवी (नाताल-फाताल).

मी पहिली-सहावी आधी सोडतो. पाच ओळींनंतर ‘दोराते’ची आठवण कोणत्याही कानाला राहत नाही, ती कागदावरची जुळणी आहे. चौथी-आठवीही तितकीच लांब आहे, पण ती सोडू नये. कारण दोन्ही ओळी तुटक आहेत, दोन्हीकडे वाक्य संपते, आणि त्यामुळे कान त्या दोन जागा एकमेकींशी जोडतोच. शिवाय अर्थही तिथेच आहे: जन्मभूमीचे ‘नाताल’ चार ओळींत घातकी ‘फाताल’ होते.

म्हणून आठवी ओळ ‘झुळुका’शी जुळवायची. ‘घातुक’, ‘घातकी’ यांपैकी काहीच शेवटी बसत नाही. जे बसले ते असे:

लाडकी स्मृति, जीव मुका!

‘घातकी’ गेले, हा तोटा मोठा आहे. मिळाले काय? याच गीतात पुढे कवी भविष्यवेत्त्या भाटांच्या सोन्याच्या वाद्याला विचारतो, ‘झाडावर मुके का लटकतेस?’ तो मुकेपणा इथे दोन ओळी आधी डोकावला. बाहेरून काही आणण्यापेक्षा गीतातलेच दुसरीकडचे उचलून आणणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

नदी, शहर, झाड, वाद्य यांची नावे बदलायची का? मराठी वाचकाला जवळची करायची का?

नद्या-शहरे बदलू नका. हे एका हरवलेल्या ठराविक देशाचे गाणे आहे. यार्देनची गोदावरी केली तर गाण्याचे कारणच जाते.

पण नावाचे कोणते रूप घ्यायचे, हा प्रश्न उरतोच. मराठी बायबलमध्ये ‘यार्देन’ आणि ‘सियोन’ आहे, म्हणून पहिली निवड तीच. ‘सियोन’ ठीक. ‘यार्देन’मध्ये मात्र दोन गुरू लागोपाठ येतात, आणि आपल्या साच्यात गुरूशेजारी गुरूला जागा फक्त ओळीच्या अगदी शेवटी आहे. तिथे ‘यार्दे’ बसेल आणि ‘न’ बाहेर पडेल. ‘जॉर्डन’ मात्र गुरू-लघू-लघू, साच्यात अलगद जाते:

वंद तो तट जॉर्डनचाही

भूगोलाच्या पुस्तकातले नाव आले, बायबलातले गेले. केवळ वाचण्यासाठी, वृत्ताशिवाय अनुवाद असता तर मी ‘यार्देन’च ठेवले असते.

झाडाला, म्हणजे ‘सालिचे’ला, मराठीत ‘वाळुंज’ आहे. ते आपल्याकडेही नदीकाठीच वाढते, तेव्हा चित्र जसेच्या तसे उतरते. अवघड आहे ते ‘आर्पा’. ‘हार्प’ लिहिले तर वाद्य नेमके, पण ओळ परकी. ‘वीणा’ लिहिली तर ओळ बोलू लागते, पण सरस्वती आणि वारीतला वीणेकरी दोघेही सोबत येतात. माझा कौल वीणेला आहे. भाटाने वीणा झाडाला टांगणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. संग्रहात छापताना तळाशी ‘मूळ वाद्य हार्प’ अशी एक टीप पुरे.

भाषा जुनी ठेवू की आजची?

या गीताची इटालियन भाषा १८४२ सालीही बाजारातली नव्हती. ‘लाउरे’, ‘मेम्ब्रांत्सा’ हे शब्द तेव्हाही कवितेतलेच. त्यामुळे अगदी रोजची बोली घेतली तर उंची जाते. उलट ‘समीर’, ‘सुवर्णपक्ष’ अशी संस्कृतप्रचुर रास ओतली तर गुलामांच्या तोंडी राजकवी बसतो. जुने पण घरातले शब्द शोधावेत: झुळूक, भाळ, वंदणे. मराठी संगीत नाटकांत आधीच्या चालीवर पदे रचायची रीत होती. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाणे छापलेले असे. तयार चालीवर कोणती मराठी बसते, हे बघायला ती पदे चाळण्यासारखा दुसरा अभ्यास नाही.

मला इटालियन येत नाही. इंग्रजी अनुवादावरून करू का?

अर्थासाठी इंग्रजी बघा, ओळ रचताना बाजूला ठेवा. यमकबद्ध इंग्रजी अनुवादात त्या अनुवादकाच्या स्वतःच्या ‘सकाळी’ असतातच, आणि त्या तुम्ही सोलेराच्या म्हणून उचलाल. त्याऐवजी शब्दशः गद्य अर्थ आणि मूळ ओळी शेजारी ठेवा, आणि प्रत्येक शब्दाचा आघात शब्दकोशात पाहा. इटालियन लिपीत आघाताची खूण साधारणपणे शेवटच्या अक्षरावर असेल तरच करतात. बाकी शब्दांत वाचणाऱ्याला माहीत आहे असे गृहीत धरलेले असते. ‘तेपिदे’ हा शब्द नवखा माणूस हमखास ‘तेपीदे’ वाचतो, तर खरा आघात ‘ते’वर आहे. तो चुकला की सहावी जागा हलते आणि तिसऱ्या ओळीचा हिशेबच लागत नाही. मग एखादे ध्वनिमुद्रण लावून जोराच्या अक्षरांवर बोट आपटत जा. बोट आणि वही जुळेनाशी झाली तर चूक बहुधा वहीत असते.

हीच रीत दान्तेच्या कवितेला चालेल का?

नाही. तिथली ओळ अकरा अक्षरी आहे, शेवटचा ठरलेला आघात दहाव्यावर. पण त्याआधीचे आघात हलते असतात. मुख्य जोर बहुधा चौथ्यावर किंवा सहाव्यावर. अकरा म्हटले की मराठी हात इंद्रवज्रेकडे किंवा शालिनीकडे जातो, आणि फसगत तिथेच होते. त्या वृत्तांत प्रत्येक जागा बांधलेली आहे, त्यामुळे शंभर ओळींत दान्तेचे बोलणे घोटून सारखे होते. मी अक्षरछंद घेईन, ओवीच्या जवळ जाणारा, आणि जोर फक्त शेवटी सांभाळीन. तीन-तीन ओळींची साखळी, जिच्यात मधल्या ओळीचे यमक पुढच्या त्रिकात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला मिळते, ती मात्र सोडू नये. पुढे काय, ही ओढ तीच लावते.

नापोलीची लोकप्रिय गाणीही अशीच करता येतील ना?

करता येतील, पण त्यांतली बरीच नापोलितान भाषेत आहेत. तिथे शब्दांच्या शेवटचे स्वर अस्पष्ट होतात, इटालियनसारखे खणखणीत राहत नाहीत. इटालियन शब्दकोश घेऊन बसलात तर आघात आणि अर्थ दोन्हीत ठोकरा खाल.

परवानगी लागते का?

सोलेरा १८७८मध्ये आणि व्हेर्दी १९०१मध्ये वारला, तेव्हा या गीताला नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, इटलीत सत्तर. विसाव्या शतकातले गीतकार निवडत असाल तर आधी मृत्यूचे साल बघा, आणि अनुवाद छापण्यापूर्वी किंवा गाण्यापूर्वी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. मूळ गीत मुक्त असले तरी दुसऱ्या कोणी अलीकडे केलेला इंग्रजी वा मराठी अनुवाद मुक्त नसतो. त्यातली ओळ उचलता येत नाही.